पायाखालचा ठोकळा

जुळारी मास्तरांनी सकाळपासून वहिनींचं डोकं खाल्लं होतं. वहिनी म्हणजे छापखान्याच्या मालकीणबाई. पाहुणे येणार म्हणून त्यांनी छपाईच्या मोठ्या अक्षरांचे लाकडी ठोकळे साबणाच्या पाण्यात घासले आणि उन्हात वाळत घातले. लाकूड तडकलं.

"अहो, भांडी आहेत का ही? पन्नास वर्षांची शाई म्हणजे त्यांच्या वयाचा दाखला! तो तुम्ही मोरीत सोडलात!"

"काळंकुट्ट कोण घेणार, मला वाटलं..."

"वाटू नका ना!"

कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा? छापखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती. उद्या भंगारवाला अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे वितळवायला नेणार होता. ज्या खिळ्यांवर मास्तरांची चाळीस वर्षं गेली, त्यांचा रस होणार! आज येणारे संग्राहक मात्र काहीतरी खरोखर जुनं सापडलं तर खणांसकट सगळं उचलणार होते. म्हणूनच मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

संग्राहक आले. त्यांनी एकेक ठोकळा भिंगाखाली धरला.

"आंब्याचं लाकूड, उभं चिरलेलं. अक्षरांच्या आतले कोपरे गोल आहेत, म्हणजे यंत्रावर कोरलेली. शाई असती तरी फरक पडला नसता. ही फार जुनी नाहीत."

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खिशातला चष्मा शोधायला घेतला.

संग्राहक टेकून उभे राहणार तोच खिळ्यांचे खण ठेवायची लाकडी घोडी डुगडुगली. एका पायाखाली पाचर होती. ते वाकले, पाचर ओढून काढली आणि भिंगाखाली धरली.

"बॉक्सवूड!" ते हळूच म्हणाले. "जुन्या कोरीव ठशांचं विलायती लाकूड. पिवळसर, जड, छिद्र दिसत नाही. खोडाच्या आडव्या कापावर हाताने कोरलंय. रेषा बघा, केसाएवढी!" त्यांनी शेजारी एक खिळा उभा केला. दोघांची उंची तंतोतंत एक. "छापायचाच ठोकळा. सहज दीडशे वर्षांचा असेल."

ठोकळ्यावर घोडा होता. मान होती, पुढचे पाय होते. पाठीच्या मध्यावर करवतीचा सरळ घाव, मागचं धड नाही.

"अख्खा असता तर आज सगळा छापखाना घेऊन गेलो असतो. कुणी कापला हा?"

 घोडी सारखी हलायची, खिळे मिसळायचे, म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका तरुण जुळाऱ्याने अडगळीतला बिनकामाचा ठोकळा करवतला होता. त्याला कामाची फार घाई होती.

"मी," मास्तर म्हणाले.

"आणि दुसरं अर्धं?"

"शेगडीत घातलं. खळ शिजवायला."

संग्राहकांनी अर्धा घोडा टेबलावर ठेवला, नमस्कार केला आणि निघून गेले. वहिनींनी साबणाची बादली उचलली. एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.