सूर्यभान साळवे आणि १९८० सालातला बिबट्या

सूर्यभान साळवे यांचा हेवा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण सूर्यभानने ज्याचा हेवा केला त्याला हात, पाय, तोंड, जात, गाव काहीच नव्हतं. तो सव्वाशे ओळींचा एक प्रोग्राम होता आणि अहमदनगरच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत, कपाटाशेजारच्या कॉम्प्युटरवर राहत होता.

हे १९९९ साल. त्याआधी वीस वर्षं सूर्यभान आमच्या डार्करूममध्ये होता. लाल दिव्यात वावरून त्याला उन्हात डोळे मिचकावायची सवय लागली होती. त्यामुळे तो कायम काहीतरी गुपित सांगायच्या बेतात आहे असं वाटायचं. पुढे तालुक्यांचे बातमीदार फोटो स्कॅन करून ई-मेलने पाठवू लागले. बातम्या फॅक्सनेच यायच्या, मेल फक्त फोटोंसाठी. डार्करूम बंद झाली आणि सूर्यभानच्या हातात माऊस आला.

मग त्याने त्या कामाचा थाट केला. मोडेम किंचाळला की खुर्ची ओढायची. मेल उघडायचा, त्याला जोडलेला फोटो उतरवून घ्यायचा, त्या दिवसाच्या तारखेचा फोल्डर काढायचा, त्यात ठेवायचा आणि मग फोन उचलून बातमीदाराला सांगायचं, "पोचला रं." दिवसाला तीस-चाळीस फोटो. प्रत्येकाला हे सगळं. नवं बाळ पाहायला आल्यासारखा तो प्रत्येक फोटोकडे बघायचा.

आणि मग माधुरी आली. सकाळी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, चारला आमच्याकडे यायची. तिने दोन दिवस सूर्यभानचं काम पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "सूर्यभानकाका, हेच तुम्ही रोज चाळीस वेळा करता?"

"मग? येक फोटू चुकला का आजवर?"

"नाही. म्हणून तर मशीनला देता येईल."

आठवड्यात तो प्रोग्राम तयार झाला. दर अर्ध्या तासाने तो स्वतःच फोन लावायचा, आमच्या पेटीतले मेल उतरवायचा, प्रत्येकाचे भाग तपासायचा, त्यात चित्र असेल तेवढंच काढून मेलच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. फोल्डर नसला तर तयार करायचा. मग पेटी रिकामी करायचा. चहा मागायचा नाही.

संपादक काकासाहेब खूश झाले. म्हणाले, "सूर्यभान, पहिल्या तारखेपासून तू वितरणात जा. गठ्ठे बांधायला माणूस कमी आहे."

सूर्यभानने मान डोलावली. पण त्या दिवसापासून तो कपाटाजवळून जाताना कॉम्प्युटरकडे असा बघायचा, जसं धाकट्या भावाने नवी मोटरसायकल घेतल्यावर थोरला बघतो. घरी त्याची बायको लंकाबाई मला म्हणाली, "भाऊजी, ह्यांना झालंय तरी काय? जेवताना म्हंत्यात, त्याला भूकच लागत न्हाई. कुनाला?"

त्याने दोष शोधायचा चंग बांधला. पहिला सापडलाही. काष्टीच्या भिमाजीने आपल्या फोटोला नाव दिलं होतं 'फोटो', अकोल्याच्या बातमीदारानेही 'फोटो'. दुसरा आला आणि पहिल्याच्या जागी बसला. काष्टीचा बैलबाजार गडप, भंडारदऱ्याचं धरण हजर. सूर्यभान आनंदाने इतका फुलला, की त्याने सगळ्यांना भेळ आणली. भेळ संपायच्या आत माधुरीने फोटोच्या नावाआधी पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ लावायची सोय केली. उरलेली भेळ सूर्यभानच्या घशाखाली उतरली नाही.

"धा मिनिटांत?" तो मला म्हणाला. "मला वीस वर्सं लागली शिकायला!"

ऑगस्टची बारा तारीख होती. नेवाशाजवळ उसात बिबट्या पिंजऱ्यात अडकला. आमचा तिथला बातमीदार कानिफनाथ सकाळीच पोचला, फोटो काढला, रोल धुवून घेतला, बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात स्कॅन केला आणि पाठवला. दुसऱ्या कोणत्या पेपरकडे हा फोटो नव्हता. पहिल्या पानावर चार कॉलमची जागा ठेवली. साडेचार वाजले तरी पान लावणाऱ्या अजिनाथच्या फोल्डरमध्ये बिबट्या नव्हता.

काकासाहेब फोनवर होते. "पाठवला म्हणतोस, मग गेला कुठं? दोन वाजता दुकानात होतास की कोणत्या हॉटेलात? खोटं बोलू नकोस, कानिफनाथ! उद्यापासून नेवाशाला दुसरा माणूस बघतो मी."

पलीकडून कानिफनाथचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "सायेब, आईच्यान पाठिवला! वाघासमोर उबा राहिलो हुतो मी!"

माधुरीने पेटी पाहिली. रिकामी. आजच्या फोल्डरात बिबट्या शोधला. नव्हता. तिचा चेहरा उतरला. "मेल आलाच नसेल, साहेब," ती हळूच म्हणाली.

सूर्यभान खिडकीपाशी उभा होता. आणि सूर्यभानला सगळं ठाऊक होतं. तीन वाजता, माधुरी यायच्या आधी, दोष शोधायच्या रोजच्या फेरीत त्याने फोल्डरांची सगळी यादी उघडली होती. अजिनाथसारखा फक्त आजचा फोल्डर बघायला तो काही पान लावणारा नव्हता! यादीत सगळ्यात वर एक फोल्डर होता, १ जानेवारी १९८०. आणि त्यात बिबट्या दात विचकून बसला होता.

त्याला हेही ठाऊक होतं, की तो तिथं का गेला. नेवाशाच्या त्या दुकानातल्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपलेली. वीज गेली की त्याचं घड्याळ पुन्हा १९८० सालात. तेव्हा तिथून आलेला मेल पेटीतल्या यादीच्या तळाशी जाऊन पडायचा आणि प्रोग्राम यायच्या आधीचे चार महिने सूर्यभान तो न बोलता तळातून उचलून आजच्या तारखेत ठेवत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आता फक्त गप्प राहायचं होतं. सहा वाजेपर्यंत. पान बिबट्याविना गेलं असतं, प्रोग्राम बदनाम झाला असता आणि गठ्ठे दुसऱ्या कुणी बांधले असते.

"सायेब, माझी नोकरी..." फोनमधला आवाज फुटला.

सूर्यभानने डोळे मिचकावले. मग तावातावाने येऊन काकासाहेबांच्या हातातून रिसीव्हरच काढून घेतला.

"कानिफनाथ, रडू नगंस. पोचला रं तुजा वाघ. तीन वाजल्यापासून बसलाय हितं." मग आमच्याकडे वळून, खालमानेने: "ऐंशी सालात बघा."

"कुठं?" काकासाहेब.

"ऐंशी साल. येक जानेवारी."

अजिनाथने फोल्डर उघडला. कचेरीत हसू फुटलं. मग हळूहळू ते थांबलं, कारण 'तीन वाजल्यापासून' हे शब्द सगळ्यांच्या डोक्यात एकदमच पोचले.

"तीनपासून माहीत होतं तुला?" काकासाहेबांनी विचारलं.

"व्हय." सूर्यभान म्हणाला. "लई जळत हुतो, सायेब."

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर रागवायचं तरी कसं? माधुरीनेच खुर्ची ओढली. "चूक माझी आहे, काका. पाठवणाऱ्याच्या घड्याळावर मी विश्वास ठेवला. आता मेल आपल्याकडे उतरेल तेव्हाची आपल्या घड्याळाची तारीख घेते. आणखी कुणाचं काय काय असं आहे? सांगा."

सूर्यभान तासभर सांगत होता. कोण फोटो आडवा पाठवतो, कोण एकच फोटो तीनदा, कोणाच्या मेलमध्ये दुकानाच्या बोधचिन्हाचं बारकं चित्र येतं आणि ते फोटो समजून फोल्डरात घुसतं. माधुरी लिहीत होती. काकासाहेब ऐकत होते. गठ्ठ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्यभानची खुर्ची कपाटाशेजारीच होती.

हेवा मात्र गेला नाही. प्रोग्रामचं कुणी कौतुक केलं की तो अजूनही चहा अर्धा टाकून उठायचा. एकदा माधुरी सहज म्हणाली, "काका, फोटो पोचला की बातमीदाराला आपोआप उलट मेल जाईल, अशी सोय करता येते."

सूर्यभानने रिसीव्हरवर हात ठेवला.

"येवडं न्हाई, माधुरीताई. येवडं माझ्यासाठी ऱ्हाऊ द्या."

तिने राहू दिलं. मग त्याने काष्टीचा नंबर फिरवला.