बोअरमध्ये पडलेला पहिला दगड

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक असाइनमेंट होती. खरीखुरी एक सोसायटी निवडायची आणि तिच्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची योजना करायची, नकाशा आणि मोजमापांसह. बाकीच्यांनी गावाबाहेरच्या नव्या कॉलन्या धरल्या. मी धुळ्यात देवपूरला आम्ही राहत होतो तीच सोसायटी धरली, म्हटलं घरबसल्या काम होईल. इतका चुकीचा अंदाज मी पुढे नोकरीतही कधी केला नाही.

आमच्या सोसायटीत दोन इमारती. पुढच्या इमारतीत आम्ही आणि आमच्या खालच्या मजल्यावर माझे मोठे काका, ज्यांना सगळेच आबा म्हणत. मागच्या इमारतीत नाना, त्या इमारतीचे पुढारी. आबा आणि नाना एकाच सूतगिरणीत एकाच पाळीला होते. दोघांनी एकाच दिवशी इथे घरं घेतली आणि कित्येक वर्षं एका ताटलीत शेव खाल्ली. मग पुढच्या इमारतीचं बोअर आटलं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मागच्या लोकांनी स्वतःचं बोअर मारलं होतं, आमच्यापेक्षा खूप खोल. आमचं आटलं आणि त्यांचं चालू राहिलं. आबांच्या डोक्यात एकच बसलं, नानाने आपलं पाणी ओढलं. तेव्हापासून सोसायटीत युद्धच सुरू होतं. कोणीतरी मागच्या मोटरची केबल कुऱ्हाडीने तोडली. मग कोणीतरी आमच्या टँकरचा पाइप ब्लेडने उभा चिरला. आबांच्या स्कूटरची सीट फाडली गेली, नानांच्या खिडकीवर वीट आली. कोण करतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

आमच्याकडे टँकरचं पाणी यायचं आणि ते वरच्या टाकीत चढेपर्यंत अर्धं संपायचं. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. तरी त्या खालच्या हौदातून हंडा भरून जिना चढायच्या, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. आबा गॅलरीतून ते बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "तुनी काकूले नळले पानी लागनं पाह्यजे. बाकी माले काही नको." आबा काही मागतात हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी टेप घेऊन मागच्या गच्चीवर गेले तेव्हा नानांच्या सुनेने टेप माझ्या हातातून हिसकावली आणि सरळ खाली फेकली. "तुमच्या बोअरसाठी आमची गच्ची मोजायची नाही." मी तिला ढकललं, तिने माझी वेणी धरली, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीत आम्ही दोघी अडकून पडलो. माझा राग मुळातच नाकावर असतो, आमच्या घराण्याचा आहे तो. खाली टेपचा डबा फुटला होता. मी ती गुंडाळून पुन्हा वर गेले. या वेळी नानाच दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "नाना, गच्चीचं क्षेत्रफळ गुणिले पाऊस, त्यातून उडून आणि वाहून जाणारं वजा. एवढं पाणी दरवर्षी तुमच्या पन्हळीतून गटारात आणि गटारातून पांझरा नदीत जातं. मला फक्त मोजू द्या." नानांनी सुनेला आत पाठवलं आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं.

आकडे निघाले. आता पाणी मुरवायचं कुठे हा प्रश्न होता. आमच्याकडे वर थोडा मुरूम आणि खाली काळा पाषाण. या दगडात पाणी सगळीकडे साठत नाही, भेगांच्या थरांतच सापडतं. दोन्ही बोअर खोदल्याचे कागद सोसायटीच्या कपाटात होते. पाणी लागल्याची खोली दोन्हींत जवळजवळ एकच, म्हणजे थर एकच, फक्त त्यांचं बोअर त्याच्याही खाली गेलेलं. असाइनमेंट देणारे सर म्हणाले, मग सरळ आहे, आटलेल्या बोअरमधूनच पाणी आत सोड, पण गाळल्याशिवाय एक थेंब सोडू नकोस, नाहीतर आहे तोही थर नासेल.

म्हणून माझी योजना अशी झाली. दोन्ही गच्च्यांचे पाइप एकत्र आणायचे. सुरुवातीच्या सरींचं पाणी धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते वेगळ्या व्हॉल्व्हने बाहेर सोडून द्यायचं. पुढचं पाणी गाळण्याच्या खड्ड्यात, ज्यात तळाशी मोठे गोटे, त्यावर खडी, त्यावर जाळी आणि वाळू. तिथून पाइपने आमच्या आटलेल्या बोअरमध्ये. बोअरच्या तोंडाला स्क्रूचं झाकण.

हे मी सोसायटीच्या सभेत सांगितलं तेव्हा आबा उठले. "आमनं पानी आमना बोअरमा टाकानं, नि तिकडथून नाना मोटर लाईसन ओढी. हाऊ कोनता न्याय शे?"

आबांचं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणते. थर एक असेल तर खोल बोअर आधी ओढणार आणि आमच्या उथळ बोअरला पाणी सगळ्यात शेवटी दिसणार. म्हणून मी योजनेत एक अट घातली. पावसाळाभर मागची मोटर दिवसातून एकदाच, संध्याकाळी चालवायची, म्हणजे थरातली पातळी वर यायला सवड मिळेल. ती आमच्या बोअरपर्यंत आली की दोन्ही इमारतींनी पाणी वाटून घ्यायचं. नानांनी सही केली. आबांनी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. माझे वडील सोसायटीचे सचिव. त्यांनी तो कागद फ्रेम करावा तसा सांभाळून ठेवला.

असाइनमेंट कागदावरच राहायची होती, पण सभेतच वर्गणी काढून ते काम मे महिन्यात करून घेतलं. पाऊस लागल्यावर मी दर रविवारी बोअरचं झाकण काढून नायलॉनच्या दोरीला गवंड्याचा ओळंबा बांधून आत सोडायची. वर येताना दोरी कोरडीच असायची. आबा शेजारी उभे राहून दोरीवर बोट फिरवायचे आणि निघून जायचे.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, मागची मोटर चालू झाल्याचा आवाज आला. ती संध्याकाळीच चालायची होती. आबा आंघोळ टाकून बनियनवर खाली गेले, हातात पाइप पाना. नाना लोखंडी गज घेऊन मोटरच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांच्या नातवाचं बारसं होतं, पाहुणे आले होते आणि टाकी रिकामी होती. एवढंच सांगायचं होतं त्यांना. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, "जा रे, तुझं बोअर मेलंय, मढ्याला पाणी पाजून ते उठत नाही."

आबांनी पाना फिरवला. माझे वडील मध्ये पडले. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला गॅलरीतून ऐकू आला. वडील खाली बसले आणि तरी दुसऱ्या हाताने आबांचा पाय धरून राहिले. नानांचा गज आबांच्या खांद्यावर बसला. नानांचा मुलगा धावत आला, आमच्या इमारतीतले तिघे-चौघे धावले आणि मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. कोणाच्या तरी कपाळातून रक्त येऊन हौदाच्या कठड्यावर पडलं. बारशाला आलेल्या बायका जिन्यात पोरांना छातीशी धरून रडत होत्या. काकू वरून ओरडत होत्या, पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली येता येईना.

पोलीस आले आणि आबा-नानांना चौकीत नेऊन दुपारपर्यंत बसवून ठेवलं. साहेबांनी दोघांच्या वयाची लाज काढली, तडजोड लिहून घेतली आणि घरी पाठवलं. वडिलांना आई दवाखान्यात प्लास्टर करायला घेऊन गेली होती. मी घरी एकटीच होते. खालून घर्र घर्र आवाज आला, लोखंडावर लोखंड. मी वाकून बघितलं. आबा पाइप पान्याने बोअरचं झाकण उघडत होते.

खड्डा खोदताना निघालेले दगड अजून कुंपणाशी पडले होते. आबांनी त्यातला एक उचलला, बोअरच्या तोंडात मावेल असा, आणि सोडला. मी खाली धावले होते, पण अजून जिन्यातच होते. बोअर लोखंडी पाइपचं, त्यातला आवाज वरपर्यंत येतो. दगड पाइपवर आपटत गेला आणि मग खालून तो आवाज आला. पाण्यात दगड पडल्याचा.

मी जागीच थांबले. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू, त्या रक्ताच्या दिवशीही झाला. आबाही थांबले. वाकून त्यांनी बोअरच्या तोंडाशी कान नेला. मला वाटलं, झालं, आता हे बसतील आणि रडतील.

त्यांनी दुसरा दगड उचलला. मग तिसरा. मी धावत जाऊन त्यांचा बनियन ओढला, तो टर्रकन फाटला. त्यांनी कोपर मारलं, माझा ओठ दातावर फुटला. मी त्यांच्या पाठीवर मुठींनी मारत होते, माझ्या सख्ख्या काकांच्या, आणि ते दगड टाकतच होते. मग दोन दगड आत एकमेकांत अडकले. त्यानंतरच्या दगडांचा आवाज जवळूनच आला, दगडावर दगड. मग ते पाना तिथेच टाकून वर गेले.

ओळंबा आता दोन मजल्यांइतकाही खाली जात नव्हता. बोअरवाल्याने येऊन बघितलं आणि सांगितलं, अडकलेले दगड काढण्यापेक्षा नवं बोअर मारा. नव्या बोअरसाठी सभा भरायला हवी होती आणि आता कोणीच एकत्र बसत नव्हतं.

गाळणीतून येणारं पाणी कुठेतरी मुरवायला हवंच होतं. सरांच्या सल्ल्याने मी शेजारी मुरमात शोषखड्डा घ्यायला लावला आणि पाइप तिकडे वळवला. पाणी अजूनही मुरतं. त्याच थरात हळूहळू उतरतं आणि मागच्या बोअरला लागतं. असाइनमेंटला मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. सरांनी नोंदीत बोअर बुजल्याचं कारण विचारलं, तेव्हा मी "बाहेरचे दगड पडल्याने" असं लिहिलं.

आबांशी मी जवळजवळ वर्षभर बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यात एकदा टँकर आला होता. आबा हौदाच्या कठड्यावर बसले होते, खांदा अजून पुरता उचलत नव्हता. काकू हंडा भरत होत्या. मला राहवेना.

"आबा, तो पहिला दगड पाण्यात पडना. तुम्ही आयकं व्हतं ना?"

"आयकं व्हतं."

"मंग दुसरा काबर टाका?"

आबांनी हौदातल्या पाण्याकडे बघितलं. "माले वाटनं, हाई पानी आते बठ्ठं, सगळंच, नानानंच व्हई," ते म्हणाले. "नि मंग हात थांबनाच नई."

काकूंनी हंडा अर्धाच भरला होता. आबांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी हंडा काठोकाठ भरला, कमरेवर घेतला आणि जिना चढायला लागल्या, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. आबा उठले आणि मागून हंड्याला हात लावायला गेले. काकूंनी तो हात बाजूला केला.