साठावरचं भिंग

ज्योतिबा गोरड सरांना त्या दिवसांत कुणी काही विचारलं की ते आधी डोळे मिटायचे, मग उत्तर द्यायचे. माणूस मुळात हसरा, पण आई, भामाबाई, न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं आणि सरांचं सगळं आयुष्य माणदेश ते मिरज या एस.टी.च्या बाकड्यावर येऊन बसलं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की विट्याची गाडी, तिथून पुढं मिरज. सोमवारी पहाटे परत. त्यात बारावीची सराव परीक्षा तोंडावर. वैताग म्हणजे किती यावा माणसाला!

त्यांच्या ज्युनिअर कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक ऑप्टिकल बेंच. बेंच म्हणजे दीड मीटरची लांब पट्टी, तिच्यावर सरकणारे तीन खांब: एकावर वस्तूची पिन, मधल्यावर भिंग, तिसऱ्यावर प्रतिमेची पिन. सरकणारे म्हणायचं आपलं. भिंगाचा खांब कुठल्याशा पावसाळ्यात जो गंजून बसला, तो पन्नासच्या रेघेवरच. रॉकेल झालं, हातोडी झाली, हलायचं नाव नाही. शेवटी सरांनीच त्याच्याशी जमवून घेतलं. भिंग पन्नासावर, पिना सरकवायच्या, आणि जे आकडे येतील त्यांच्यातला न् पन्नासातला फरक घ्यायचा. पोरंही तेच शिकली. पाठोपाठच्या बॅचांना फोकल लेंथ, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर, म्हटलं की आधी पन्नास आठवायचे. त्या भिंगाचं उत्तरही ठरलेलं, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास.

यंदा प्रश्नपत्रिकेत उपकरणाचा फोटो देऊन प्रश्न विचारायचा असं ठरलं. सर तेव्हा मिरजेत आईच्या उशाशी होते. त्यांचा जुना वर्गमित्र अमृत तिथल्याच एका कॉलेजात शिकवतो. सर त्याच्या प्रयोगशाळेत गेले, त्याचा नवाकोरा बेंच मांडला, पिनांची टोकं जुळवली, मोबाइलवर फोटो काढला. दोन्ही पिनांना बाण काढून आकडे लिहिले: वस्तू तीसवर, प्रतिमा एकशेवीसवर. भिंग कुठं आहे ते पोरांनी पट्टीवरून वाचायचं आणि फोकल लेंथ काढायची. एवढं केलं आणि पळत दवाखान्यात आले, कारण आईला जेवण भरवायची वेळ झाली होती.

पेपर तपासले तेही दवाखान्याच्या व्हरांड्यात, मांडीवर गठ्ठा घेऊन. उत्तर स्वतःच काढलं, डोळे मिटत मिटत. पन्नासातून तीस गेले, वीस. एकशेवीसातून पन्नास गेले, सत्तर. एक भागिले वीस अधिक एक भागिले सत्तर, ते उलटं केलं, आलं साडेपंधरा. पंधराच्या जवळचं! जीव भांड्यात पडला. पोरांचंही तेच. एकापाठोपाठ एक बरोबरच्या खुणा. एका पेपरावर मात्र वीस आलेलं. सरांनी लाल रेघ मारली आणि पुढचा पेपर घेतला.

तो पेपर सोनमचा होता. तानाजी कोळेकरांची पोरगी. दिवाळीनंतर तिची आई आजारी पडली म्हणून ही महिनाभर बापाबरोबर मेंढरांमागं, तासगावच्या बाजूला. प्रॅक्टिकल बुडालं. आल्यावर पुस्तकावरून वाचून काढलं तेवढंच. भौतिकशास्त्रात दोन मार्कांनी राहिली. हा प्रश्न तीन मार्कांचा. आणि मुलींच्या वसतिगृहाचा नियम असा, की सराव परीक्षेत एका विषयात जरी राहिली तरी खोली सोडायची, खोलीसाठी पोरी रांगेत उभ्या असतात. खोली गेली म्हणजे सोनमचं कॉलेज संपलं. तिच्या वाडीवरून इथं यायला ना एस.टी., ना वाट धड.

शनिवारी निकाल लागला आणि सोमवारी सकाळी सर मिरजेहून उतरून तसेच प्रयोगशाळेत आले. अंग ठणकत होतं. चहासुद्धा नव्हता पोटात. दारात सोनम उभी.

"सर, आत येऊ का?"

सरांनी डोळे मिटले. "ये. पण मार्क वाढवून मागू नकोस गं. मला आता ते जमायचं न्हाई."

"मार्क न्हाई मागत. आबा पिकअप घिऊन आल्यात, पेटी चढवत्यात. मी चाललेय. फकस्त माजं चुकलं कुटं, तेवडं दाखवा. मग जाते."

सरांना पोरीचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा रागही आला. बसायला खुर्ची द्यावी एवढंही बळ नव्हतं. तरी त्यांनी खडू घेतला. "हे बघ. वस्तू तीसवर. भिंग पन्नासवर. म्हणजे अंतर..."

"सर, भिंग पन्नासवर हाय?"

"मग कुठं असणार?"

उलट उत्तर देणारी पोरगीच नव्हती ती. सरांनीच मोबाइल काढला, तिला एकदाचं दाखवून टाकावं म्हणून. फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. वस्तूची पिन, बाण, तीस. प्रतिमेची पिन, बाण, एकशेवीस. मधोमध भिंगाचा खांब, त्याच्या पायाची रेघ. रेघ साठवर.

अरे देवा. सरांनी पुन्हा मोठा केला. साठच.

अमृतचा खांब गंजलेला नव्हता. तो हवा तिथं सरकत होता आणि त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हातानं तो साठवर आणला होता. साठातून तीस गेले, तीस. एकशेवीसातून साठ गेले, साठ. एक भागिले तीस अधिक एक भागिले साठ, म्हणजे एक भागिले वीस. फोकल लेंथ वीस सेंटिमीटर. आणि आता त्यांना आठवलं, अमृतनं भिंग ज्या डबीतून काढून दिलं होतं तिच्यावरही वीसच लिहिलेलं होतं. सगळा वर्ग आणि वर्गाचा मास्तर, सगळे मिळून दुसऱ्याच्या बेंचवर आपला गंजलेला खांब घेऊन गेले होते.

खडू सरांच्या हातातच राहिला. सरांना भयंकर लाज वाटली, इतकी की पोरीकडं बघवेना.

"सोनम, तुझं बरोबर आहे. चूक माझी झाली. सगळ्यांचे पेपर मी पुन्हा तपासणार, ज्यांचे मार्क जातील त्यांना मीच सांगणार. तू कुठं जायचं न्हाईस."

ते तसेच फाटकापर्यंत गेले. पिकअपमध्ये दोन कोकरं, घोंगडी, त्यावर सोनमची पत्र्याची पेटी. तानाजीनं दोरी आवळायला घेतली होती.

"आवं तानाजीराव, पेटी उतरवा. पोरगी पास हाय. मीच चुकीचा तपासला पेपर."

तानाजी दोरी धरून उभाच राहिला. "सर, काल रातभर फोनवर म्या हिला बोललो. सगळ्या पोरांचं येक उत्तर, तुमचंबी तेच, मग तुजंच कसं गं येगळं? ध्यान कुटं असतंय तुजं?" त्यानं पोरीकडं बघितलं. "मग तू बोलली का न्हाईस गं?"

सोनमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्तापर्यंत धरून ठेवलेलं सगळं.

"आबा, मला वाटलं मलाच वाचाय येत न्हाई. म्या लय बगितला त्यो फोटू. साठाला पन्नास म्हनून बगायची सवय लावत हुते."

सरांनी पेटीची एक कडी धरली, तानाजीनं दुसरी, आणि दोघांनी मिळून ती खाली घेतली.