बरोबर उत्तराचा एक गुण

शाळेत सगळे त्यांना गणिताच्या बाई म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लाल पेन हातात आलं, की बाईंना एकच खोली आठवते: लांबलचक टेबलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले पाण्याचे पेले.

दहावीच्या पेपर तपासणीचं त्यांचं ते पहिलंच वर्ष. वय सव्वीस, आणि हात भलताच कडक. घरून निघताना नवरा म्हणाला होता, "जरा दयामाया ठेव. मुलं आहेत ती, चोर नाहीत." बाईंनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

त्या वर्षी चार गुणांचं एक उदाहरण होतं. मनोऱ्यापासून काही अंतरावर उभं राहून शेंड्याकडे पाहिलं तर उन्नत कोन साठ अंशांचा होतो. तिथून सरळ चाळीस मीटर मागे गेलं की तो तीस अंशांचा होतो. तर मनोऱ्याची उंची किती? उत्तर वीस रूट तीन, म्हणजे सुमारे चौतीस पूर्णांक सहा मीटर. बाई आधी शेवटची ओळ बघत. उत्तर जुळलं तर चार, नाही तर भोपळा. दुपारपर्यंत पंचवीस पेपरांचा गठ्ठा हातावेगळा झाला, तशा त्या मनातल्या मनात खूश झाल्या.

त्यांचं काम पडताळायला होते मोठे सर. केस पिकलेले, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. सरांनी गठ्ठ्यातले दोन पेपर काढून बाईंपुढे ठेवले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

पहिल्या पेपरात बाईंनी शून्य दिलं होतं. आकृती पट्टीने काढलेली, दोन्ही कोन जागच्या जागी. जवळचं अंतर x मानून दोन्ही टॅन बरोबर मांडले होते. त्यातून 3x = x + 40 इथपर्यंत गाडी रुळावर होती. मग x अलीकडे आणताना चिन्ह बदलायचं राहिलं आणि 4x = 40 झालं. अंतर वीसऐवजी दहा, आणि उंची दहा रूट तीन.

सरांनी एकेका ओळीवर बोट ठेवत विचारलं, आणि बाई उत्तरं देत गेल्या. आकृतीचा एक गुण? मिळाला. दोन गुणोत्तरांचा एक? तोही. अंतराचा गेला. मग उंचीचा? बाई म्हणाल्या, उंची तर चुकलीच आहे.

"चूक अंतरात झाली, तिचा गुण आपण कापला," सर म्हणाले. "दहाला रूट तीनने गुणलंय ते बरोबरच आहे ना? एका चुकीला दोनदा शिक्षा कशाला?"

दुसऱ्या पेपरात नुसतं "20√3 मीटर" एवढंच लिहिलेलं. ना आकृती, ना कोन. बाईंनी डोळे झाकून चार दिले होते. सरांनी त्याचा केला एक. उत्तराचा गुण द्यायचा, पण जे लिहिलंच नाही त्याचे कुठून द्यायचे, असं ते म्हणाले.

बाईंचे कान तापले. तरी त्यांनी गठ्ठा पुन्हा उघडला आणि पंचवीसच्या पंचवीस पेपर पहिल्या ओळीपासून वाचून काढले. तो पट्टीने आकृती काढणारा पेपर हाती आला तेव्हा शून्य खोडून तीन लिहिले, सही केली आणि पहिल्या पानावरची बेरीज पुन्हा मांडली. आधी बत्तीस होते. आता पस्तीस झाले. पस्तिसाला पास.

त्यांनी पेपर उलटसुलट करून पाहिला. वर नाव नव्हतं, नुसता बैठक क्रमांक. मुलगा की मुलगी, तेही कळायला मार्ग नव्हता. सरांना दाखवलं तर त्यांनी बेरीज तपासली, मान हलवली आणि चहा घ्यायला चला म्हणाले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मग भेट अशी झालीच नाही.

त्यानंतरची तीस वर्षं बाईंनी हे उदाहरण फळ्यावर कधी नुसतं सोडवलं नाही. पोरांना पटांगणात न्यायच्या. कोनमापकाला दोऱ्याने खडा बांधायचा, त्यातून पाण्याच्या टाकीचा काठ न्याहाळायचा, पावलं मोजत मागे जायचं आणि पुन्हा बघायचं. कोणी डोळ्यापर्यंतची उंची मिळवायला विसरे, कोणाची टाकी शाळेहून दुप्पट उंच निघे, आणि हसून हसून पुरेवाट होई. बाई मात्र वहीत प्रत्येक पायरी लिहून घेत. "डोक्यातलं मला दिसत नाही रे, कागदावर उतरव," हे त्यांचं पालुपद पोरांना तोंडपाठ होतं.

आता सुनेने शिकवणीतले पेपर समोर ठेवले, की बाई चष्मा पुसून बसतात. मध्येच हात थांबतो. त्या बैठक क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस होते की चौऱ्याहत्तर, हे काही केल्या नक्की आठवत नाही. आज त्या माणसाने पन्नाशी ओलांडली असेल. कुठे असेल, काय करत असेल, कोणास ठाऊक. आकृती मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते, टोक काढलेल्या पेन्सिलीने रेखलेली, काटकोनाच्या चौकटीसकट.