ओरिजिनल म्हणून दिलेलं

माझं अमरावतीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. जुनी मशीन दुरुस्त करून विकतो, नवी जोडून देतो. आमच्याकडे मशीन घेणारा गिऱ्हाईक एक वाक्य हमखास म्हणतो, "अन् सगळं टाकून द्याल बरं." सगळं म्हणजे सॉफ्टवेअर. त्याचे वेगळे पैसे मागितले की माणूस असा पाहतो, जणू आपण त्याच्याकडून हवेचे पैसे मागून राहिलो. म्हणून आम्ही दुकानदार स्वस्त की शोधतो. की म्हणजे अक्षरं-आकड्यांची ती लांब ओळ, जी टाकली की सॉफ्टवेअर चालू होतं. कंपनीच्या दराच्या तुलनेत दोन प्लेट सांबारवडीच्या भावात ती मिळते. मीही घेत होतो, एका मेसेजच्या ग्रुपवरून. विकणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नाही. पैसे पाठवताना दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव यायचं, बिल कधी आलं नाही.

हे धोक्याचं आहे हे मला कळत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे.

मोर्शीच्या एका शिकवणीवाल्याला मी मशीन दिली होती. काही महिन्यांनी त्यांच्या पडद्यावर 'हे अधिकृत नाही' अशी सूचना यायला लागली. मी गेलो, कमांड टाकून परवान्याचा प्रकार पाहिला. किरकोळ विक्रीची की नव्हतीच ती. एखाद्या मोठ्या संस्थेला स्वतःच्या मशीनसाठी मिळालेली सामूहिक की होती, तिथून कोणीतरी फोडून शेकडो लोकांना विकलेली. अशा कीच्या वापराला मर्यादा असते, आणि कंपनीच्या लक्षात आलं की ती मरते. विकणाऱ्याने कुरकुर न करता दुसरी पाठवली. काही दिवसांनी तीही गेली. ग्रुपातल्याच एका नागपूरच्या दुकानदाराने मला फोनवर समजावलं होतं, "अबे, काही कीया तर चोरीच्या कार्डानं घेतल्या असतात. कार्डवाला बँकेत ओरडला का पैसे वापस, अन् पैसे वापस गेले का की बंद. तवरक विकणारा फरार." मी हसलो होतो. म्हणजे मला ठाऊक होतं. त्यानंतरच मी ताईसाठी तिथूनच घेतलं.

ताई माझी मोठी बहीण. अकोल्याला कॉलेजजवळ तिचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रकल्प, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रबंध. तिचं मराठी टायपिंग असं होतं की मार्गदर्शक प्राध्यापक स्वतः तिच्याकडे पोरं पाठवायचे. त्या वर्षी भाऊबीजेला मी तिच्या ताटात साडीऐवजी वापरलेला पण चांगला लॅपटॉप ठेवला. सोबत लिहिण्याचं सॉफ्टवेअर, ढगात, म्हणजे इंटरनेटवर, फायली साठवायच्या जागेसह, आयुष्यभरासाठी. खरं म्हणजे ती कीसुद्धा नव्हती. तयार अकाउंट होतं, नाव आणि पासवर्ड. विकणाऱ्याने 'लाइफटाइम' असं लिहिलं होतं.

लॅपटॉपची डिस्क लहान होती. म्हणून मी तिचा डेस्कटॉप आणि कागदपत्रांचा फोल्डर त्या ढगातल्या साठ्याला जोडून दिला आणि जागा मोकळी राहावी म्हणून फायली मशीनवर न ठेवता वरच ठेवायचं सेटिंग केलं. तिला वाटायचं फाईल डेस्कटॉपवर आहे. होती ती परक्याच्या घरात.

तिनं एकदा विचारलंही. "बाबू, हे उघडलं का कोण्या बाहेरदेशच्या कॉलेजचं नाव दिसते. माहं नाव कावून नाही?"

"असंच असते ते. ओरिजिनलच हाय."

बस, एवढंच. तिनं मग सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, माह्या भावानं ओरिजिनल टाकून देल्लं.

अकाउंटच्या नावात @ नंतर जे येतं, तो त्या घराचा मालक. मालकाला पासवर्ड बदलता येतो, तुमच्या फायली पाहता येतात, मनात आलं की अकाउंट पुसून टाकता येतं. हे तेव्हाही मला समजावून सांगता आलं असतं. पण भाऊबीजेची वस्तू स्वस्तातली आहे हे कोण सांगतं?

ज्या पोरीचं पुढे नुकसान झालं ती अकोटकडची. घरचे भाजीपाला पिकवणारे. तिचा प्रबंध बाजारात भाजी विकणाऱ्या बायांवर होता. शेवटची दोन प्रकरणं तिनं कागदावर लिहिलीच नव्हती. ती एसटीनं यायची, ताईच्या शेजारी स्टूलवर बसून सांगत जायची आणि ताई टाइप करत जायची. आधीच्या प्रकरणांवर मार्गदर्शक सरांनी खुणा केल्या की दोघी मिळून दुरुस्त करायच्या. त्या बायांचं बोलणं कसं लिहायचं यावरून त्यांचे वाद व्हायचे. ताई म्हणायची, "आमी असं नाही बोलत बापा, तू शहरी करून राहिली तिले." पोरगी हसायची. सादर करायची तारीख जवळ आली होती आणि तिची मुदत आधीच एकदा वाढवून झालेली होती.

एका सकाळी ताईचा फोन आला. अकाउंट उघडत नाही. असं कोणतं अकाउंटच अस्तित्वात नाही, असं लिहून येतं.

मी पहिली बस धरली. बसमधूनच विकणाऱ्याला मेसेज केला. गेलाच नाही, त्यानं मला ब्लॉक केलं होतं. ग्रुपही गायब होता. अकोल्याला पोचून मी लॅपटॉप उकरला. ज्या फायली तिनं अलीकडे उघडल्या होत्या त्यांच्या प्रती मशीनवर उतरलेल्या होत्या, बाकीच्यांची नुसती नावं, आत काही नाही. प्रबंधाची सुरुवातीची प्रकरणं सरांच्या मेलमध्ये होती. शेवटचं प्रकरण अर्धं सापडलं. त्याआधीचं, बायांच्या मुलाखतींचं, गेलं. कंपनीच्या मदत क्रमांकावरचा माणूस नम्रपणे म्हणाला, "सर, ते अकाउंट त्या संस्थेच्या मालकीचं होतं. संस्थेच्या प्रशासकाशी बोला. तुमच्याकडे खरेदीची पावती आहे का?" माझ्याकडे काय होतं?

ताई दाराशी उभी होती.  "बाबू, माह्या हातून काही झालं का रे? काल मी काही तरी मिटवत होती जुनं."

तिनं प्रश्नातच मला वाट करून दिली. मी त्या वाटेनं गेलो.

"दाबल्या गेलं असन काही. होते असं."

दुपारी ती पोरगी आली, सोबत तिचे वडील. ते आवाज चढवून बोलले. "येत नाही त धंदा कायले मांडून बसली बाई?" पोरगी रडली नाही. ती ताईला एवढंच म्हणाली, "मी तुमच्यावर सोडलं होतं." ताईनं हात जोडले. मी खाली मान घालून वायर गुंडाळत होतो.

दोघींनी आठवून पुन्हा टाइप करायचा प्रयत्न केला. बायांचं बोलणं आठवून लिहिता येत नाही. तारीख गेली, नोंदणी संपली. पुढे ताईनं प्रबंध घेणं सोडलं, मग दुकानच देऊन टाकलं. नातेवाइकांत कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "आता डोकं चालत नाही माहं. एका पोरीचं वाटोळं केलं मी." हे मी समोर बसून ऐकलेलं आहे, एकदा नाही, कितीदा तरी.

मी सुधारलो म्हणा, स्वस्त की घेणं सोडलं. सुधारणं सोपं होतं, त्यात कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात ताई माझ्याकडे आली होती. दुपारी दुकानात बसून संत्रं सोलत होती. तेवढ्यात चांदूर बाजारचा एक ओळखीचा गिऱ्हाईक मोबाईल नाचवत आला. "भाऊ, तुमी लुटून राहिले काय? हे पाहा, लाइफटाइम. तुमच्या भावात माह्या सगळ्या गल्लीले येते."

"गल्ली बंदही एकदमच पडन," मी म्हटलं. "त्याले इचार, बिल देते का? जीएसटी नंबर देला त सरकारी साइटवर टाकून पाय, नाव जुळते का. मंग कंपनीच्या साइटवर जाय, अधिकृत विक्रेत्यांत हा हाय का नाही ते पाय. त्यानं पाठवलेल्या लिंकवरून नको जाऊ, सोता शोध."

"अन् चांगले शेरे हायेत ना, शेकड्यानं."

"सारे एकाच आठवड्यातले अन् एकाच भाषेतले असतीन. वाईटवाले वाच, सहा महिन्यांनंतरचे. की चालू होतेच रे, पहिल्या दिवशी सगळ्याच होतात. परवाना कोणत्या प्रकारचा हाय ते लिहून मांग. सांगत नसन त सोड. पैसे कोण्या माणसाच्या नावानं मांगते का, चालू झाल्यावर वापसी नाही म्हणते का, हे पाय. अन् तयार अकाउंट देत असन त हातही नको लावू. ते त्याच्या नावाचं असते. तो बंद करन त तुह्या फायली गेल्या. तू काही दाबलं नसलं तरी."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला ते ऐकू आलं. ताईचे हात थांबले होते.

गिऱ्हाईक कुरकुरत गेला. ताई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माहं तसंच होतं का रे?"

एवढ्या वर्षांनी पुन्हा तेच. नाही म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. मी म्हटलं, "हो."

"तुले तवा मालूम होतं?"

"घेताना शंका होती. त्या दिवशी अकोल्याले आलो तवा पक्कं मालूम होतं."

  तिनं संत्र्याची साल कागदात गोळा केली, हात पुसले. मी बोलत सुटलो, स्वस्ताईचं, लाजेचं, तिच्या प्रश्नाचं. तिनं मध्येच तोडलं.

"मले नको सांगू. मी तुही बहीण हाय, मी आयकून घेईन. तिले सांग."

त्या पोरीचा नंबर ताईकडे होता. अजून जपून ठेवला होता. तिच्या समोर मी फोन लावला, तिनं स्पीकरवर ठेवायला लावला. ती पोरगी आता अकोटलाच एका शाळेत ठोक पगारावर शिकवते. मी कोण ते सांगितलं, मग सगळं सांगितलं, काही न गाळता. पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता.

ती म्हणाली, "मुलाखतीतल्या दोघी बाया वारल्या, काका. ते आता कोणी सांगू शकत नाही." मग म्हणाली, "ताईंकडे कोणी काम देऊ नये म्हणून मी गावभर सांगितलं. माझ्या मैत्रिणींना, सरांना, सगळ्यांना. ते मी आता कसं परत घेऊ, सांगता का?"

 ताईनं पुढे वाकून फोन आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "पोरी, मी आयकून राहिली." फोन दोघींपैकी कोणीच ठेवला नाही. मी उठून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.