लिब्रादोला उत्तर द्यायचं राहिलं

सेफेरिनो इन्स्फ्रानच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक कधी ताटकळत राहिलं नाही. वियारिका गावात त्याची तशी ख्याती होती. कुणी नळाची चकती मागितली आणि ती नसली, तर तो तिथल्या तिथे सांगे, नाही, गुरुवारी येईल. आणि ती गुरुवारी येई. अशा माणसाच्या हातून जिवाभावाच्या मित्राला उत्तर द्यायचं राहून जावं, याचं नवल इतरांना वाटलं असतं. त्याला स्वतःला नवल वाटलं नाही, फक्त लाज वाटली, आणि त्या लाजेनेच पुढचा सगळा घोटाळा केला.

लिब्रादो ओसुना त्याचा लहानपणचा मित्र. तरुणपणीच गवंडीकामासाठी सीमेपलीकडे ब्युनोस आयर्सला गेला आणि तिकडचाच झाला. बायको तिकडे वारली, मूलबाळ नव्हतं, आणि आता गुडघ्यांनी दगा दिला होता. जूनच्या शेवटी एका सकाळी त्याचा आवाजी निरोप आला. सेफेरिनोने तो गल्ल्यावर उभं राहून ऐकला, समोर एक बाई पत्र्याचे खिळे निवडत होती.

"सेफे, मी परत यावं म्हणतो," लिब्रादो म्हणत होता. "घरमालकाला खोली हवीय, जुलैअखेर सोडायचीय. तुझी मागची खोली रिकामी असेल तर काही महिने टेकतो. नसेल तर नसेल, गड्या. आणि ते संत्र्याचं झाड आहे ना अजून, आपण भिंतीवरून चढायचो ते?"

मागे कोंबडा आरवलेला ऐकू आला. ब्युनोस आयर्समध्ये कुणाचा कोंबडा, असा विचार सेफेरिनोच्या मनात आला आणि हसूही आलं. बाईला खिळे मोजून देता देता त्याने ठरवलं, संध्याकाळी निवांत उत्तर द्यायचं. असल्या गोष्टीला घाईत 'ये' म्हणून चालत नाही.

संध्याकाळी अडचण उभी राहिली. मागच्या खोलीत देल्सीची शिलाईची यंत्रं होती. देल्सी त्याची मुलगी, नवऱ्याशी फारकत घेऊन घरी आलेली; शाळांचे गणवेश शिवून स्वतःचं भागवत होती. त्याने मक्याची भाकर मोडता मोडता विषय काढला. देल्सीने ताटातून मान वर न करता म्हटलं, "बघू, बाबा."

आमच्याकडे तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही. ते उर्मटपणाचं समजतात. 'बघू' म्हणतात, नाहीतर गप्प बसतात, आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. सेफेरिनोनेही समजून घेतलं. पण मुलगी चार दिवसांत विरघळेल, मग पक्का होकारच कळवू, असं त्याने मनाशी धरलं. अर्धवट उत्तर देणं त्याच्या दुकानदारी स्वभावात बसत नव्हतं. 'ऐकलं रे, घरात विचारतो, रविवारपर्यंत सांगतो,' एवढं एक वाक्य त्या दिवशी पुरलं असतं. ते त्याला सुचलंच नाही.

निरोप ऐकला की पाठवणाऱ्याकडे त्याची खूण निळी होते. लिब्रादोला ती दिसत होती.

आठवडाभराने लिब्रादोचं दुसरं वाक्य आलं: "सगळं बरं ना तिकडे?" सेफेरिनोने ते फोनच्या वरच्या पट्टीतच वाचलं, उघडलं नाही. उघडलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि देल्सी अजून 'बघू'वरच होती. पुढे एका दुपारी पाहिलं तर लिब्रादोने काहीतरी पाठवून पुसून टाकलं होतं. संदेश काढून टाकला आहे, एवढी राखाडी ओळ उरली होती. माणूस काय लिहून पुसतो? रागाचं लिहितो, की गयावया केल्याचं? दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याचं उत्तर द्यायला आता साधा होकार पुरणार नव्हता. जितका उशीर, तितकी मोठी माफी. जितकी मोठी माफी, तितकी ती लिहायला जड. रोज सकाळी मातेच्या पाल्याचा कडू चहा पिताना तो फोन उचले आणि खाली ठेवी.

जुलैच्या तिसाव्या तारखेला मैत्रीचा दिवस असतो. त्या दिवशी आमच्याकडे फोन श्वास घेत नाही. सुताराला, पाद्र्याला, जुन्या व्याह्याला, सगळ्यांना फुलांची चित्रं जातात. सेफेरिनोनेही सवयीने दोन हात एकमेकांत गुंतलेलं एक चित्र निवडलं आणि यादीतल्या सगळ्यांना एकदम धाडून दिलं. यादीत लिब्रादो होता.

गिऱ्हाइकांच्या फुलांमध्ये लिब्रादोचं उत्तर आलं. नुसता उभा अंगठा.

सेफेरिनोला वाटलं, शिवी आली असती तर बरं झालं असतं. त्याने निरोपांची ती माळ खालून वर पाहिली: अंगठा, त्यावर आपलं दुकानी चित्र, त्यावर पुसलेली ओळ, त्यावर 'सगळं बरं ना', आणि सगळ्यात वर तो कोंबडा आरवलेला निरोप. मध्ये त्याचा स्वतःचा एक शब्द नव्हता.

त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन देल्सीला फोन दाखवला. तिने सगळं वाचलं. मग ती यंत्राजवळच्या स्टुलावर बसली.

"खोली त्यांच्यासाठी मागत होतात, आणि ते रस्त्यावर येणार होते, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "कुणीतरी पाहुणा येणार एवढंच बोललात."

"तू बघू म्हणालीस."

"म्हणाले. मग पुन्हा विचारायचं होतं. गिऱ्हाइकाला तर दहादा विचारता."

त्याच दुपारी तिने यंत्रं स्वयंपाकघरात हलवली. मोकळ्या खोलीत दोघांनी जुना पलंग लावला. मग सेफेरिनो माफी लिहायला बसला.

पहिला मजकूर झटकन झाला: फोन बिघडला होता, आजच दुरुस्त होऊन आला. देल्सीने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं की मग रोज सकाळी स्टेटसला फुटबॉल क्लबचे फोटो कोण टाकत होतं, पोलिस? लिब्रादोकाका तर ते सगळे बघतात, यादीत त्यांचं नाव दिसतं. सेफेरिनोने मजकूर पुसला.

दुसऱ्यांदा त्याने आवाज भरून घेतला. आपल्या वारलेल्या बायकोच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना, रक्तदाब, सिमेंटचे भाव, रात्र रात्र झोप नाही, मी किती नालायक, मला माफ कर, नाही केलंस तर मी कुठे तोंड दाखवू. बोलता बोलता त्याला रडू आलं. देल्सीने शेवटपर्यंत ऐकलं. या वेळी ती थट्टा करत नव्हती.

"बाबा, यात लिब्रादोकाका कुठे आहेत?" तिने विचारलं. "हे ऐकून त्यांनाच तुमची समजूत घालावी लागेल. गुडघे त्यांचे गेलेत, खोली त्यांची गेलीय, आणि वर हे काम तुमचं."

त्याला ते लागलं, पण खरं होतं. मग काय लिहू, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं की त्यांनी काय विचारलं होतं ते आधी पुन्हा ऐका, आणि त्याचंच उत्तर द्या. हवं तर उशिराचा दोष माझ्यावर ढकला.

"तुझं नाव नाही घालायचं," सेफेरिनो म्हणाला. "विचारलं मला होतं."

त्याने तो निरोप पुन्हा ऐकला. खोली, महिना, झाड. आणि 'नसेल तर नसेल' म्हणताना लिब्रादोचा जरासा खाली गेलेला आवाज, जो खिळे मोजताना ऐकूच आला नव्हता. मग त्याने बोटाने एकेक अक्षर जुळवलं:

"लिब्रादो, तू विचारलंस आणि मी इतके आठवडे उत्तर दिलं नाही. चूक माझी, सबब काही नाही. त्यावर सगळ्यांना धाडलेलं चित्र तुलाही गेलं, त्याची लाज वाटते. माझं गप्प बसणं म्हणजे नकार नव्हता. खोली रिकामी आहे, पलंग लावलाय, हवे तितके दिवस राहा. झाड आहे, भिंत मात्र पडली. तुझ्याकडे कोंबडा कुणाचा आरवतो रे?"

देल्सीने शेवटची ओळ पाहून भुवया उंचावल्या. तो म्हणाला की एवढ्या सगळ्यानंतर त्याला सहज उत्तर देता येईल असं काहीतरी हवं. नाहीतर तो पुन्हा अंगठा धाडेल. "पाठवा," ती म्हणाली. "आणि उत्तर लगेच आलं नाही तर आणखी काही पाठवू नका. तुम्ही वाट बघायला लावलीत, आता बघा."

उत्तर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आलं. सेफेरिनोने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, दुकानात पहिल्यांदाच, आणि मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसून ऐकलं.

"मी नकारच समजलो, सेफे. आपल्याकडे असंच तर सांगतात. मला राग नव्हता, खरं सांगतो. घरात पोरगी आहे, अडचण असेल, म्हटलं तुला तोंडाने बोलायला नको. तो पुसलेला निरोप म्हणजे हेच, की विसर मी विचारलं ते. मग पाठवलेलंही पुसलं." मागे वाहनांची घरघर ऐकू येत होती. "आता एका इमारतीच्या कामावर रखवालदारी धरलीय. पत्र्याची खोली देतात, तिथेच राहायचं. इमारत होईपर्यंतचा शब्द दिलाय. पलंग, हत्यारं, सगळं विकलं. ओळखीने मिळालंय, सोडता येत नाही. गुडघा जिन्यावर रडवतो. कोंबडा शेजारच्या बोलिव्हियन बाईचा होता. आता इकडे नाही ऐकू येत."

निरोप संपला असं वाटलं, तेवढ्यात तो पुन्हा बोलला. "संत्री राहिलीत का झाडाला?"

सेफेरिनो परसात गेला. हंगाम सरत आला होता. बरीचशी फळं खाली कुजून पडली होती. वरच्या फांदीला दोनतीन सुकत चाललेली लोंबत होती. चांगला फोटो यावा म्हणून ऊन यायची वाट बघावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने तसाच, दक्षिणेच्या वाऱ्यात हलत्या फांदीचा धूसर फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, "एवढीच उरलीत. इमारत किती मजल्यांची?"

देल्सी दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तिला काय झालं ते सांगितलं. तिने खोलीतल्या पलंगाकडे पाहिलं. कापडाचे गठ्ठे स्वयंपाकघरात चुलीजवळ पडून मळत होते, तरी यंत्रं परत नेऊ का, हे तिने विचारलं नाही. शेवटी त्यानेच म्हटलं, "यंत्रं आण तू परत."

"बघू, बाबा," देल्सी म्हणाली.

गल्ल्यापाशी थांबलेला माणूस निघून गेला होता. फोनवर लिब्रादोचं उत्तर आलेलं होतं. "बारा."

सेफेरिनोने उभ्या उभ्याच पुढचा प्रश्न लिहायला घेतला.