माझ्या चोवीस तक्रारी

शेतातले सोलर पंप दुरुस्त करणाऱ्या आमच्या गोंदियाच्या ऑफिसात कामाचं वाटप म्हणजे रोज सकाळी रंगणारा खेळ होता. नऊ वाजता टीम लीड व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारींची यादी टाकायचा आणि आम्ही चार तंत्रज्ञांनी आपल्याला हवी त्या तक्रारीखाली 'मी' लिहायचं. जो आधी लिहील, त्याची तक्रार. ऑफिसजवळच्या कुडव्याची तक्रार तर यादी पुरती उतरायच्या आत पळवली जायची. तिथला पंप अर्ध्या वेळा फोनवरच दुरुस्त होतो: "काकाजी, स्विच बंद करा, पाच मिनिटांनी सुरू करा." झालं, तक्रार बंद!

मी मात्र नऊ वाजता सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या जंगलात असायचो. तिथे मोबाइल म्हणजे खिशातलं घड्याळ. दुपारी नेटवर्कमध्ये आलो की यादीत उरलेलं सगळं माझं. आणि उरलेलं म्हणजे पुन्हा लांबचंच. म्हणजे दुसऱ्या दिवशी नऊला मी पुन्हा नेटवर्कबाहेर. वाहवा! असा चक्रव्यूह रचायला डोकं लागतं, आणि इथे तो कोणी रचलाही नव्हता.

हसण्यावारी नेलं असतं, पण कंबर गेली. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "मोटरसायकल कमी करा. नाहीतर पाय बधिर होईल, मग नोकरी विसरा." चाळिशी उलटलेल्या तंत्रज्ञाला दुसरी नोकरी कोण देतो?

तोंडी सांगून पाहिलं. लीड माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नागपूरचा, स्वभावानं गोड. "बघतो ना भाऊ," म्हणायचा आणि खरंच बघत राहायचा. शेवटी मी ईमेल लिहिला. चार वेळा खोडला. पहिल्या खर्ड्यात माझी कंबर, माझं वय, माझी बायको, सगळे रडत होते. एकेकाला बाहेर काढलं. राहिलं ते एवढं:

"विषय: तक्रारींच्या असमान वाटपाबाबत. सर, मागच्या महिन्यात आपल्या टीमकडे साठ तक्रारी आल्या. चौघांत सरासरी पंधरा. प्रत्यक्षात मी चोवीस केल्या, इतर तिघांनी तेरा, बारा आणि अकरा. तीस किलोमीटरपेक्षा लांबच्या वीस होत्या. त्यातल्या सतरा माझ्याकडे आल्या. सकाळी नेटवर्क नसल्याने मला ग्रुपवर लिहिता येत नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही. लांबची गावं दर आठवड्याला पाळीपाळीने द्यावीत, ही विनंती."

'पाठवा' दाबलं आणि मान वर केली. लीड समोरच्याच टेबलावर होता. त्याचा फोन वाजला. त्यानं वाचलं.

"भाऊ, ईमेल कायले करता? मी समोरच तं बसून राहिलो!"

"समोर बसून सांगितलं, तवा तुमी पंखा पाहून राहिले होते," मी म्हणालो.

शेजारचा तेरावाला खो खो हसला. "क्या बात है! भाऊनं तं आमचं पोस्टमॉर्टमच केलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण माझे तेरा काऊन लिहिले जी? बाराच असतील."

"मोजून घे."

त्यानं मोजले. तेराच निघाले. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते वाचताना मी खुर्चीत चक्क ताठ बसलो होतो. आकडे बरोबर आहेत, असं लीडनं लिहिलं होतं. ग्रुपवर 'मी' लिहिणं बंद. यापुढे तालुक्याप्रमाणे वाटपाचा तक्ता निघेल. आणि शेवटी: "तुम्हाला आकड्यांची चांगली समज आहे. हा तक्ता दर महिन्याला आपणच तयार करावा."

म्हणजे चोवीस तक्रारी, वर एक तक्ता.

तरी मी तो हौसेनं केला. सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव हे लांबचे दोन तालुके पाळीपाळीने चौघांत घातले. लीडजवळ नेला. त्यानं सालेकशाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"भाऊ, तुमचे आकडे मी हेड ऑफिसले पाठवले होते. ते म्हणतात, दरेकशाची तक्रार तुमी एका दिवसात बंद करता. बाकीच्यायले तीन लागतात. तक्रार लटकली का दंड आपल्या टीमवर बसते. लोकंबी तुमालेच ओळखतात. सालेकसा तुमच्याकडंच राहू द्या."

"आणि अर्जुनी मोरगावचं?"

"तेबी."

"सर, माझी कंबर..."

"मग ते ईमेलमध्ये काऊन नाही लिहिलं?"

मी खरंच लिहिलं नव्हतं. खोडलं होतं. आता लिहिलं तर हेड ऑफिसात काय वाचलं जाईल, तेही मला कळत होतं: हा माणूस बाहेरच्या कामाला चालत नाही.

जागेवर येऊन मी तक्त्यातली तिघांची नावं काढली आणि दोन्ही तालुक्यांपुढे माझं टाइप केलं. महिना संपल्यावर बेरीजही मीच केली. माझ्या नावापुढे सव्वीस. लीडला ईमेलनं पाठवली. "छान, वेळेवर आली," असं लगेच उत्तर आलं.

डॉक्टरांकडे जायची तारीख होती. गेलो नाही. मोटरसायकल कमी केली का, असं त्यांनी विचारलं असतं.